गिअर बॉक्सचं तेल 'आयुष्यभरासाठी सीलबंद' म्हणतात, मग बदलायचंच नाही का?

चौथा_गिअर (धागाकर्ता)
मंडळी, गाडी ९ वर्षांची, पेट्रोल हॅचबॅक, पुढच्या चाकांना ड्राइव्ह, साधा ५ गिअरचा मॅन्युअल बॉक्स, १ लाख १२ हजार किमी झालेत. त्रास असा की सकाळी पहिली आठ-दहा मिनिटं पहिल्यातून दुसऱ्यात टाकताना दांडा अडतो, घाई केली की कर्र्र, मग गाडी तापली की बऱ्यापैकी गप्प बसते. आणि हल्ली पाचव्यात ७०-८० ला बारीक घूंऽ असा आवाज येतो, तो खरा आहे की माझ्याच डोक्यात बसलाय ते कळत नाहीये.
सर्व्हिस सेंटरला विचारलं की गिअर ऑइल कधी बदललंय का, तर काउंटरवरचा म्हणाला साहेब ते सीलबंद असतं, गाडीच्या आयुष्यभराचं, त्याला हात लावायचा नाही. ओळखीचा मिस्त्री म्हणतो काढून टाकू आणि ८०डब्ल्यू-९० जीएल-५ भरू, एक नंबर तेल. पुस्तिकेत बघितलं तर ७५डब्ल्यू-८० जीएल-४, २ लिटर एवढंच लिहिलंय आणि बदलायच्या तक्त्यात नुसती आडवी रेघ. कोणाचं ऐकू?

बुलंद_पिस्टन
मिस्त्रीचं ऐका. जीएल-५ हे जीएल-४ च्या पुढचं आहे, त्यात दाब सहन करायची रसायनं जवळजवळ दुप्पट असतात, मग वाईट कसं असेल? आणि थोडं जाड तेल टाकलं की आवाज पण दबतो, माझ्या आधीच्या गाडीत मी हेच केलं होतं, घूं घूं बंद झालं आणि पुढे दीड वर्षानी गाडी विकली.

सुखदा_निवांत
माझ्या गाडीला पण हेच सांगितलं होतं आयुष्यभराचं तेल म्हणून, आणि ८० हजारला गिअर बदलताना झटके बसायला लागले. मग तेल आणि फिल्टर दोन्ही बदललं, ती मशीन लावून फ्लश करतात तसं नाही, नुसतं ड्रेन करून भरलं, झटके कमी झाले. तुम्ही पण फ्लश करू नका हं.

चौथा_गिअर
सुखदाताई, तुमची ऑटोमॅटिक आहे का? माझ्याकडे क्लचवाली आहे, त्यात फिल्टर नसतो बहुतेक.

सुखदा_निवांत
अय्या हो, ऑटोमॅटिक. शीर्षकात मॅन्युअल लिहिलं नव्हतं म्हणून घोळ झाला. तरी आयुष्यभर म्हणजे कुणाचं आयुष्य हा प्रश्न माझाही आहेच.

तेलकट_हात
बावीस वर्षं गिअर बॉक्स उघडतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.
बुलंदभाऊ, रसायनं दुप्पट असतात हे तुमचं अर्धं बरोबर आहे, पण ५ म्हणजे ४ ची सुधारित आवृत्ती नव्हे, ते वेगळ्या कामाचं तेल आहे. मागच्या एक्सलमधल्या क्राऊन-पिनियनचे दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, आडवे घासत सरकतात, तिथे तेलाचा थर टिकत नाही म्हणून गंधक-फॉस्फरसची रसायनं जास्त घालतात, ती तापल्यावर स्टीलवर एक पातळ कवच धरतात आणि लोखंड लोखंडाला चिकटत नाही. आता धागाकर्त्याच्या बॉक्समध्ये काय आहे? सिंक्रो रिंगा, आणि त्या बऱ्याच बॉक्समध्ये पितळेच्या. तेच गंधक गरम तेलात पितळेला खाऊ शकतं. हल्लीच्या सगळ्याच जीएल-५ तेलात ते तितकं उग्र नसतं हे मान्य, पण दुसरी अडचण राहतेच, ती म्हणजे घसरडेपणा. सिंक्रोचं कामच मुळी घासून वेग जुळवण्याचं. दांडा ढकलला की रिंग कोनावर दाबली जाते, रिंगेवरच्या बारीक खाचा मधलं तेल पुसून काढतात, मग पकड बसते, गिअर आणि शाफ्टचा वेग सारखा होतो आणि मगच स्लीव्ह आत जाते. तेल फार निसरडं असेल किंवा फार जाड असेल तर ते वेळेत पुसलं जात नाही, वेग जुळायच्या आत दात दाताला लागतात आणि तुमचं ते कर्र्र होतं.
आणि दुसऱ्यातच का, तर पहिल्यातून दुसऱ्यात जाताना वेगातला फरक मोठा असतो, शिवाय गर्दीत दिवसभर तोच गिअर राबतो, त्याची रिंग सगळ्यात आधी झिजते. सकाळी तेल थंड, म्हणून जाड, म्हणून त्रास सकाळी. असल्या तक्रारीवर अजून जाड तेल म्हणजे आगीत तेल.

बुलंद_पिस्टन
पण मग कॅनवर 'जीएल-४/जीएल-५ दोन्हीला चालेल' असं लिहिलेलं असतं ते काय? आणि ९० म्हणजे इंजिनच्या ४० पेक्षा दुप्पटीने जाड ना, मग ८० आणि ९० मध्ये एवढा काय फरक पडतोय.

तेलकट_हात
गिअर ऑइलच्या आकड्यांची पट्टीच वेगळी आहे. गरम असताना ९० नंबरचं गिअर ऑइल साधारण इंजिनच्या ४०-५० च्या जाडीचंच असतं, आकडा मोठा दिसतो म्हणून फसू नका. थंडीतला फरक पहिल्या आकड्यात, ७५डब्ल्यू आणि ८०डब्ल्यू. धागाकर्त्याचा त्रास थंडीतलाच आहे, त्यामुळे त्याला ९० पेक्षा ८०डब्ल्यू जास्त नडेल. दोन्ही छापलेल्या कॅनबद्दल माझं मत असं की पुढून नाही, पाठीमागची बारीक अक्षरं वाचा, सिंक्रोवाल्या मॅन्युअल बॉक्ससाठी असं स्पष्ट लिहिलंय का आणि तुमच्या गाडीच्या कंपनीचा तेल-कोड तिथे आहे का. तो कोड असेल तर मी जीएलचा आकडाही बघत नाही.

मालवाहू
मध्येच घुसतो. माझं पिकअप, मागच्या चाकांना ड्राइव्ह. मी उलटा शहाणपणा केलाय. गिअर बॉक्सला जीएल-४ आणलं, अर्धा कॅन उरला, म्हटलं एकच तेल दोन्हीकडे, मागच्या क्राऊनमध्ये पण तेच ओतलं. सहा-सात महिन्यांनी अॅक्सिलरेटर सोडला की मागून रडल्यासारखा आवाज यायला लागला, पाय दिला की बंद. आता जीएल-५ भरलंय तरी आवाज आहेच.

तेलकट_हात
तो जाणार नाही भाऊ. तुमच्याकडे त्या कवचाची खरी गरज होती आणि नेमकं तेच कमी पडलं. पाय सोडल्यावर दाताची दुसरी बाजू भार घेते, आवाज फक्त तेव्हाच येतोय म्हणजे त्या बाजूला ओरखडे असावेत, किंवा पिनियनचं बेअरिंग ढिलं. मागचं कव्हर निघत असेल तर काढून दात बघा. पुढच्या ड्राइव्हच्या बहुतेक गाड्यांत मात्र ही भानगड नाही, इंजिन आडवं बसवलेलं असतं, डिफरन्शियल बॉक्सच्या पोटातच असतं, त्याचे दात साधे तिरपे, एकाच तेलात दोघं सुखाने राहतात. म्हणून धागाकर्त्याला वेगळं डिफरन्शियल ऑइल शोधायची गरज नाही.

निवृत्त_गरारी
मी गिअर बॉक्स जुळणीच्या कारखान्यात नोकरी केली, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो, रागावू नका. आयुष्यभराचं तेल ही निव्वळ थाप नाही. इंजिनचं तेल काळं होतं कारण त्यात जळालेल्या इंधनाची घाण उतरते, मॅन्युअल बॉक्समध्ये काहीच जळत नाही. सिंथेटिक तेल आणि नीट बसवलेला बॉक्स असेल तर दोन लाख किमी तेल न बदलता गेलेल्या गाड्या मी बघितल्यात. उलट तेल बदलायला गेले आणि बॉक्सची वाट लावून आले अशीही बघितलीत, चुकीचं तेल, मोडलेले आटे, कमी भरलेलं. त्यामुळे चालू आहे त्याला हात लावू नका या सल्ल्यात तथ्य आहे.

तेलकट_हात
काका, तुमचा अनुभव नाकारत नाही. तेल जळत नाही खरं, पण त्यात लोखंडाची आणि पितळेची भुकटी पडतच राहते, आणि गाळायला फिल्टर नाही, असलाच तर एक लोहचुंबक. जाडी टिकवायला घातलेले लांब रेणू दातांमध्ये चिरडून तुटतात, तेल पातळ पडतं. पण माझी खरी तक्रार 'सीलबंद' या शब्दाशी आहे. त्या बॉक्सला डोक्यावर एक ब्रीदर असतो, तापला की हवा बाहेर सोडतो, गार झाला की आत ओढतो, बाहेरची ओल त्यातून आत येते. साचलेल्या पाण्यातून गरम गाडी नेली तर कधी पाणीच ओढतो. आणि दोन्ही ड्राइव्ह शाफ्टवर रबराची सीलं, फिरत्या दांड्यावर ओठ टेकवून बसलेली, ती आयुष्यभर पुरतील असं कुठलीच कंपनी म्हणत नाही. सीलच आयुष्यभराचं नसेल तर त्याच्या आतलं तेल कसं असेल? आणि खाली ड्रेन बोल्ट दिलाय तो कशासाठी?
धागाकर्त्या, काउंटरवरच्याला एवढंच विचारा की आयुष्यभर म्हणजे किती किमी ते सर्व्हिस कागदावर लिहून देता का.

चौथा_गिअर
विचारलं. हसला आणि म्हणाला तसं लिहून देता येत नाही. शनिवारी मित्राच्या शेडमध्ये रॅम्प मिळतोय, काढतोच. आधी काय बघू?

तेलकट_हात
सगळ्यात आधी भरायचा बोल्ट उघडा, ड्रेनचा नाही. भरायचा बोल्ट बहुतेक वेळा वर्षानुवर्षं कोणी हलवलेला नसतो, तेल काढून बसलात आणि तो उघडलाच नाही की गाडी तिथेच. काही बॉक्सना भरायचा बोल्टच नसतो, रिव्हर्सच्या दिव्याचं स्विच काढून तिथून भरतात, ते तुमच्या पुस्तिकेत बघा. १५-२० किमी फिरवून या, तेल कोमट असू दे, गाडी चारही बाजूंनी सपाट ठेवा, नुसती पुढून उचललेली चालणार नाही, लेव्हल खोटी दिसेल.
आणि एक गोष्ट कोणी करत नाही ती करा, निघालेलं तेल मापाच्या भांड्यात घ्या आणि किती निघालं ते लिहून ठेवा. माझ्या मते हा आकडा तेलाच्या रंगापेक्षा जास्त सांगतो.

चौथा_गिअर
झालं! लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या.
भरायचा बोल्ट षटकोनी खड्ड्याचा, गंजलेला, आधी ब्रश मारून खड्डा साफ केला नाहीतर ॲलन की अर्धवट बसून आतून गोल झाला असता, मग स्प्रे मारून अर्धा तास थांबलो आणि लांब दांडा लावला तेव्हा कट्ट करून सुटला. उघडल्यावर नियमानं तेल काठापर्यंत यायला पाहिजे, आलंच नाही. बोट वाकवून आत घातलं, नखाला पण लागलं नाही.
मग खालचा काढला. धार संपल्यावरही तासभर ठिबकू दिलं. मापात १.३५ लिटर. पुस्तिकेत २ लिटर.
तेल काळपट तपकिरी, उग्र वास. सपाट ताटलीत ओतून टॉर्च मारला तर सोनेरी चमक फिरताना दिसते, लक्ष्मीपूजनाच्या दिव्यात दिसावी तशी, बघायला सुंदर आणि पोटात गोळा. ड्रेन बोल्टच्या चुंबकावर करड्या रंगाचा मऊ चिखल, बोटाने चोळला तर गुळगुळीत, एकही कण टोचला नाही. वर बघितलं तर डाव्या ड्राइव्ह शाफ्टच्या सीलभोवती सगळी धूळ ओली होऊन काळी चिकटलेली, पण ठिपका खाली पडत नव्हता, म्हणून पार्किंगमध्ये कधी डाग दिसला नाही.

निवृत्त_गरारी
०.६५ लिटर कमी? मग माझा सल्ला मागे घेतो. तेलाच्या आयुष्याचं सोडा, तेलच नव्हतं.

तेलकट_हात
आता हिशोब बघा. शंभरेक मिली आत भिंतींना चिकटून राहतंच, ते सोडलं तर साधारण ५५० मिली गेलं. ९ वर्षांचे १०८ महिने, म्हणजे महिन्याला जेमतेम ५ मिली, एक चहाचा चमचा. एवढं तेल धुळीत जिरून जातं, जमिनीपर्यंत पोचतच नाही. पण हा हिशोब सुरुवातीपासून सारखा धरलाय, खरं तर सील गेल्या दोन-तीन वर्षांत जास्त गळत असेल. काहीही असलं तरी 'सीलबंद आहे, बघायचं नाही' म्हटल्यावर लेव्हल कोणी बघितलीच नाही, सगळ्यात मोठं नुकसान तिथे झालं.
चुंबकावरचा मऊ चिखल ठीक आहे, एवढ्या किमीला तो असणारच. टोचणारी किरच किंवा दाताचा तुकडा मिळाला असता तर बॉक्स उतरवायला सांगितलं असतं. सोनेरी चमक पितळेची, पितळ चुंबकाला चिकटत नाही म्हणून तेलातच तरंगते, ती तुमची दुसऱ्याची रिंग.
पाचव्याची काळजी मला जास्त वाटते. पुष्कळ बॉक्समध्ये पाचवा गिअर मुख्य पोटाबाहेर, टोकाच्या झाकणात असतो, तेल कमी पडलं की तहान आधी त्यालाच लागते. ती घूं तुमच्या डोक्यात नाहीये.

बुलंद_पिस्टन
मग भरताना अडीच लिटर भरायचं ना, परत गळलं तरी उरेल.

तेलकट_हात
अजिबात नको. जास्त भरलं की दात तेल घुसळतात, ताक घुसळल्यासारखं फेस होतो, फेसात हवा असते आणि हवा वंगण करत नाही, शिवाय तापतं, ब्रीदरमधून ओकतं आणि आधीच कमजोर असलेलं सील अजून लवकर जातं. आकडा आणि भोक दोन्ही जुळवा, २ लिटर ओतल्यावर भोकाच्या खालच्या काठावरून ओघळायला लागलं पाहिजे. काही बॉक्समध्ये भोक मुद्दाम लेव्हलच्या वर असतं, तिथे भोकापर्यंत भरायचं नाही, मापानेच भरायचं. म्हणून पुस्तिकेतला आकडा आधी.

चौथा_गिअर
७५डब्ल्यू-८० जीएल-४ आणलं, पाठीमागे माझ्या गाडीचा कोड छापलेला. डावं सील बदललं, त्यासाठी शाफ्ट बाहेर काढावा लागला, ते मित्राने केलं, माझं फक्त टॉर्च धरायचं काम. दोन्ही बोल्टना नवे वॉशर, आणि टॉर्क पुस्तिकेतल्याइतकाच, कारण बॉक्स अॅल्युमिनियमचा, मिस्त्री पूर्ण जोर लावायच्या बेतात होता, हात धरला त्याचा. १.९ लिटरला काठावर आलं आणि ओघळायला लागलं, बहुतेक आतलं १०० मिली राहिलं होतं तेच.

आता २० दिवस, ९०० किमी झाले. सकाळचा दुसरा गिअर, ७०-८० टक्के सुधारला म्हणेन, कर्र्र अजून एखाद्या वेळी होतं पण मीच घाई केली तर. पाचव्यातली घूं मात्र आहे तशीच, किंचित कमी वाटते पण तो मनाचा खेळ असू शकतो.

तेलकट_हात
झिजलेली रिंग तेलाने परत भरून येत नाही, तेवढी सुधारणा मिळाली हेच खूप. पहिल्या पाच मिनिटांत दांडा न्यूट्रलला क्षणभर थांबवून मग दुसऱ्यात घ्या. घूं साठी एक तपासा, तोच वेग ठेवून चौथ्यात टाका, आवाज गेला तर पाचव्याची जोडी किंवा तिथलं बेअरिंग, तसाच राहिला तर चाकाचं बेअरिंग पण असू शकतं.

चौथा_गिअर
चौथ्यात जातो. पाचव्यातच येतो.

निवृत्त_गरारी
मग पाचव्याचं झाकण उघडून बघणं एवढाच मार्ग, काही बॉक्समध्ये ते गाडीखालीच निघतं, पूर्ण बॉक्स उतरवावा लागत नाही. पण मी थांबेन. आवाज वाढतोय का हे ५ हजार किमी बघा, मग ठरवा.

तेलकट_हात
काका, इथे माझं तुमच्याशी जमत नाही. बेअरिंगची गोळी फुटली तर तुकडा बाकीच्या दातात जातो. मी ५ हजार थांबणार नाही, २ हजारला ड्रेन बोल्ट काढून चुंबक बघेन, निघालेलं तेल स्वच्छ भांड्यात धरून तेच परत भरायचं. किरच दिसली तर त्याच दिवशी झाकण.

मालवाहू
आणि पुढचा बदल किती किमीला? ६० हजार का १ लाख?

तेलकट_हात
मी स्वतःच्या गाडीला ६० हजार धरतो, तुम्ही माल वाहता म्हणून मागच्या क्राऊनचं त्याआधी. धागाकर्त्याने चमक बघितली आहे, त्याने हे तेल २० हजारलाच काढावं, आत राहिलेली भुकटी त्यात येईल.

निवृत्त_गरारी
बदल १ लाखला पुरे, पण लेव्हल दर वर्षी बघा, ते मात्र मान्य.

चौथा_गिअर
२ हजारला चुंबकाचा फोटो टाकतो इथेच. बॉक्समध्ये आत्ता १०८० किमी झालेत नव्या तेलाला, आणि आज सकाळी डावं सील बोटाने पुसून बघितलं, कोरडं.